एक ओळ, तीन तारखा

संपादकांनी विचारलं होतं, "तोच प्रोग्रॅम एका संगणकावर चालतो आणि शेजारच्या संगणकावर अडतो, असं का होतं?" उत्तर शोधायला मी एका प्रोग्रॅमर मैत्रिणीकडे दोन संध्याकाळी बसले. तिने `package.json` नावाची फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

```json
"event-stream": "^3.3.4"
```

"आकडा नंतर वाच, आधी त्याच्या डोक्यावरचं चिन्ह बघ," ती म्हणाली.

मुद्रितं तपासणारे या आकाराच्या चिन्हाला काकपद म्हणतात. ओळीत शब्द राहून गेला की तिथे काकपद द्यायचं आणि राहिलेला शब्द वर लिहायचा. प्रोग्रॅमर याला कॅरेट म्हणतात. इथेही हे चिन्ह जागा मोकळी ठेवतं, पण ती अजून न लिहिलेल्या मजकुरासाठी असते, आणि तो मजकूर लिहिणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो.

एनपीएम हे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं कोठार. ते आयझॅक श्लूटर यांनी २०१० मध्ये सुरू केलं. प्रत्येक पॅकेजच्या आवृत्तीला तीन आकडे असतात. त्यांचा अर्थ ठरवणारा सिमॅन्टिक व्हर्जनिंगचा नियम टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहिला. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती झाली, मधला वाढला तर नवी सोय आली पण जुनं काही मोडलं नाही, आणि पहिला वाढला तर जुनं मोडू शकतं. कॅरेट या नियमावर विसंबून असतो. `^3.3.4` म्हणजे 3.3.4 किंवा त्यानंतरची, पण 4.0.0 च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती. २०१४ पासून पॅकेज नोंदवताना एनपीएम हा कॅरेट आपणहून लावतं. त्यामुळे बहुतेक प्रकल्पांत तो कुणी विचार करून लावलेला नसतो.

नियम पाळला गेला की नाही हे मात्र एनपीएम तपासत नाही. आकडा लेखक हाताने लिहितो. शेवटचा आकडा वाढवून त्याने आत एखादं नवं पॅकेज जोडलं, तरी कोठार ते स्वीकारतं.

मैत्रिणीने ही ओळ निवडली होती ती २०१८ मधल्या घटनेसाठी. `event-stream` हे वाहती माहिती हाताळणारं छोटं पॅकेज. त्याची आठवड्याला सुमारे २० लाख डाउनलोड होत. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, म्हणून मदत करू म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे त्याने ते सोपवलं. ९ सप्टेंबरला त्या माणसाने 3.3.6 ही आवृत्ती काढली. तिच्यात `flatmap-stream` नावाचं आणखी एक पॅकेज जोडलेलं होतं, `^0.1.0` असं लिहून.

आता वरची ओळ ज्यात आहे असा एक प्रकल्प तीन तारखांना, लॉक फाइल नसताना, इन्स्टॉल केला असं समजू. ऑगस्टमध्ये 3.3.4 येतं. १० सप्टेंबरला 3.3.6 येतं आणि त्याच्यासोबत `flatmap-stream` चं 0.1.0, जे निरुपद्रवी होतं. ५ ऑक्टोबरला 0.1.1 प्रसिद्ध झालं. म्हणून ६ ऑक्टोबरला 3.3.6 च्या पोटात ते 0.1.1 येतं, आणि घातक कोड यातच होता. आपल्या फाइलमधलं एक अक्षरही बदललेलं नाही. बदलली ती फक्त तारीख, कारण कॅरेटचा अर्थ ओळ लिहिताना ठरत नाही, इन्स्टॉल करताना ठरतो.

तो कोड कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटसाठी लिहिलेला होता. तो कुलूपबंद होता आणि वॉलेटच्या पॅकेजमधलं वर्णनाचं वाक्य हीच त्याची किल्ली होती. त्यामुळे इतर ठिकाणी तो नुसता पडून राहिला. कुलूप उघडायला त्याने एक जुनं, मोडीत काढलेलं फंक्शन वापरलं होतं. त्यामुळे पडद्यावर एक इशारा दिसू लागला, लोकांनी त्याचा माग काढला आणि नोव्हेंबरअखेर प्रकरण उघड झालं.

दरम्यान सप्टेंबरमध्येच त्या माणसाने `flatmap-stream` काढून टाकलेली 4.0.0 आवृत्ती काढली होती. ताजी आवृत्ती पाहणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसे. पण कॅरेट 4 ची वेस ओलांडत नाही, त्यामुळे `^3.3.4` वाले 3.3.6 वरच राहिले. जो नियम आपल्याला मोडतोडीपासून वाचवायला आहे, त्यानेच इथे स्वच्छ आवृत्ती दूर ठेवली.

शून्याचं गणित आणखी वेगळं. पहिला आकडा शून्य असेल तर कॅरेट आखडतो. `^0.1.0` मध्ये 0.1.1 बसतं, 0.2.0 बसत नाही. `^0.0.3` मध्ये तर 0.0.3 शिवाय काहीच बसत नाही. डावीकडून पहिला शून्य नसलेला आकडा कॅरेट हलू देत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

"मग कॅरेट काढून टाकला तर?" मी विचारलं. मैत्रिणीने मान हलवली. कुणी कॅरेट न लावता नेमकं `3.3.6` लिहिलं असतं, तरी त्याच्या आतला `^0.1.0` मोकळाच होता. त्यालाही सप्टेंबरात 0.1.0 आणि ऑक्टोबरात 0.1.1 मिळालं असतं. आपण फक्त आपल्या दाराला कडी लावतो. आतल्या खोल्यांची दारं दुसऱ्यांच्या हातात असतात.

त्यासाठी लॉक फाइल आहे. २०१७ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून एनपीएम `package-lock.json` आपणहून लिहू लागलं. आतल्या आतल्या पॅकेजांसकट प्रत्येकाची नेमकी आवृत्ती, ते कुठून आणलं तो पत्ता आणि मजकुराचा ठसा तिच्यात नोंदलेला असतो. ऑगस्टमध्ये केलेली लॉक फाइल सोबत असती, तर ऑक्टोबरातही 3.3.4 च आलं असतं.

पण ही फाइल कुठे अपुरी पडते तेही पाहायला हवं. दोघांच्या कामात तिच्यावरून टक्कर झाली की वैतागून ती पुसून नवी करण्याची सवय अनेकांना असते. त्या क्षणी सगळे कॅरेट पुन्हा आजच्या तारखेला उघडतात. पॅकेजच्या लेखकाची `package-lock.json` पॅकेजसोबत प्रसिद्ध होत नाही, म्हणून त्याने ती कितीही जपली तरी आपल्याला तिचा उपयोग नाही. आणि ठसा एवढंच सांगतो की काल आलं होतं तेच आज आलं. ते चांगलं आहे की नाही, हे तो सांगत नाही. ६ ऑक्टोबरला केलेल्या लॉक फाइलने 0.1.1 सुद्धा तितक्याच निष्ठेने जपलं असतं.

दुसऱ्या संध्याकाळी मैत्रिणीने तिची रोजची पद्धत दाखवली. सर्व्हरवर आणि चाचणीसाठी ती `npm install` वापरत नाही, हे वापरते:

```
npm ci
```

ही आज्ञा `node_modules` पुसून फक्त लॉक फाइलप्रमाणे भरते. `package.json` आणि लॉक फाइल जुळत नसतील तर ती काम थांबवून चूक दाखवते. आवृत्त्या पुढे न्यायच्या तेव्हा ती `npm update` वेगळ्या दिवशी चालवते आणि लॉक फाइलमध्ये काय बदललं ते ओळीओळीने वाचते. आकड्यांपेक्षा जास्त वेळ ती नव्या नावांवर थांबते. २०१८ मध्ये `flatmap-stream` हे नाव असंच कुठल्या कुठल्या लॉक फाइलमध्ये नव्याने उगवलं होतं.

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरला माझं एवढंच सांगणं आहे: लॉक फाइल पुसू नका, ती कोडसोबत साठवा, आणि तिच्यात नवं नाव दिसलं तर ते कोणी आणलं हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.