युद्धाने अडवलेला प्लॉट

5 ऑगस्ट 1940 रोजी कलकत्त्यात प्लॉटचा एक साधा सौदा झाला. मुगनीराम बांगड आणि कंपनीने ढाकुरिया तलावांच्या परिसरात मोठी जमीन घेऊन तिचे प्लॉट पाडले होते. ‘लेक कॉलनी स्कीम नंबर 1’ असे योजनेचे नाव. खरेदीदाराने 101 रुपये इसारा दिला. रस्ते आणि गटारे बांधायची जबाबदारी कंपनीची होती. ती कामे पूर्ण झाल्यावर महिन्याभरात उरलेली रक्कम भरायची आणि खरेदीखत करून घ्यायचे, असे ठरले. पुढे या खरेदीदाराने आपला हक्क सत्यव्रत घोष यांच्या नावे केला.

दुसरे महायुद्ध तोवर सुरू झालेच होते. 1941च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये भारत संरक्षण नियमांखाली कलेक्टरचे हुकूम निघाले आणि योजनेतली बरीचशी जमीन लष्करी कारणासाठी सरकारच्या तात्पुरत्या ताब्यात गेली. 1943च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने खरेदीदाराला कळवले, की युद्ध चालू असेपर्यंत बांधकाम शक्य नाही, तेव्हा करार संपला असे समजा आणि महिन्याभरात इसारा परत न्या. ते नको असेल तर उरलेले पैसे आत्ताच भरून खरेदीखत करून घ्या, रस्ते आम्ही युद्धानंतर बांधू. रस्त्याचा पत्ता नसताना पूर्ण किंमत मोजायचा हा पर्याय खरेदीदाराच्या गळी का उतरला नाही, हे सांगायला वकील नको. जानेवारी 1946मध्ये घोष यांनी दावा लावला.

कंपनीचा आधार होता भारतीय करार कायद्याचे कलम 56. करार झाल्यानंतर ठरलेली गोष्ट करणे अशक्य झाले, किंवा वचन देणाऱ्याला टाळता न येणाऱ्या घटनेमुळे बेकायदा ठरले, तर त्या क्षणी करार निरर्थक होतो, असे हे कलम सांगते. वकिलांच्या बोलण्यात याला ‘फ्रस्ट्रेशन’, म्हणजे करार विफल होणे, म्हणतात. खालच्या दोन्ही कोर्टांत घोष जिंकले, हायकोर्टात कंपनी जिंकली आणि 1953च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने पारडे पुन्हा घोष यांच्याकडे झुकवले.

न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी लिहिलेल्या या निकालाने आधी कलमाचा दरवाजा रुंद केला, आणि मग त्यातून कंपनीला आत घ्यायला नकार दिला. ‘अशक्य’ म्हणजे हाताने करताच न येणारे एवढेच नव्हे, असे कोर्ट म्हणाले. अनपेक्षित घटनेने सौद्याचा पायाच उखडला असेल आणि ज्या हेतूने दोघे एकत्र आले त्या हेतूच्या दृष्टीने काम निरुपयोगी झाले असेल, तरीही करार संपतो. त्यासाठी, दोघांनी अशी अट मनातल्या मनात घातलीच असणार, असे इंग्लंडमधल्या जुन्या विचारसरणीसारखे गृहीत धरावे लागत नाही. आपल्याकडे कायद्यातच तसे लिहिलेले आहे.

पण या सौद्याचा पाया उखडला होता का? रस्ते अमुक तारखेपर्यंत बांधू, असे करारात कुठेच नव्हते. सही झाली तेव्हा युद्ध सुरू होते आणि साहित्याची, मजुरांची टंचाई दोन्ही बाजूंना दिसत होती. सरकारी ताबा तात्पुरता होता, जमीन कायमची गेली नव्हती. शिवाय ताबा आला तेव्हा कंपनीने कामाला हातही लावलेला नव्हता. उशीर नक्की होणार होता. पण मुदतच नसलेल्या कामाला उशीर झाला म्हणून काम अशक्य झाले, असे कसे म्हणणार? करार जिवंत ठरला.

हाच प्लॉट घेऊन तारखा थोड्या हलवून पाहाव्यात. 1941मध्ये सरकारने जमीन तात्पुरती न घेता कायमची संपादित केली असती, तर कंपनी सुटली असती. 1940 ते 1941 करार खरा होता, संपादनाच्या दिवशी संपला, असे कोर्टाने म्हटले असते. आता कल्पना करा की संपादन 1939मध्येच झाले होते आणि तरीही 1940मध्ये सौदा झाला. इथे विफल व्हायला मुळात काही जन्मालाच आले नाही. जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार हे कलम 56मधले पहिले उदाहरण याच जातीचे आहे. कलम 20मध्ये तर मुंबईचाच संबंध आहे: इंग्लंडहून मुंबईला निघालेल्या जहाजावरच्या मालाचा सौदा होतो, पण जहाज त्याआधीच बुडालेले असते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. तो करार पहिल्या क्षणापासूनच निरर्थक.

तारखेचा हा फरक खिशापर्यंत पोचतो. कल्पनेतल्या 1939च्या संपादनाची माहिती कंपनीला होती, किंवा थोडी चौकशी केली असती तर कळली असती, आणि बिचाऱ्या खरेदीदाराला मात्र काहीच ठाऊक नव्हते, असे निघाले तर कलम 56चाच शेवटचा भाग कंपनीला नुकसानभरपाई द्यायला लावतो. जमिनीचा धंदा करणाऱ्याने सरकारी कागद पाहिले नाहीत, ही सबब तिथे चालणे कठीण. नंतर ओढवलेल्या अशक्यतेत मात्र कोणाचीच चूक नसते, म्हणून भरपाई नसते. घेतलेले पैसे तेवढे कलम 65प्रमाणे परत करावे लागतात. गायिकेने 1000 रुपये आगाऊ घेतले आणि आजारामुळे तिला गाता आले नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा तिच्या अंगावर येत नाही, पण 1000 रुपये तिला परत द्यावे लागतात, असे उदाहरण त्या कलमाखालीच आहे.

या कलमाकडे सगळ्यात जास्त धाव घेतली जाते ती तोट्यातल्या सौद्यातून सुटण्यासाठी, आणि तिथेच बहुतेक जण आपटतात. 2017मध्ये ‘एनर्जी वॉचडॉग’ या खटल्यात वीजनिर्मिती कंपन्यांचे म्हणणे होते, की इंडोनेशियाने कायदा बदलल्याने तिथला कोळसा महागला, ठरलेल्या दरात वीज देणे परवडत नाही. कोळसा मिळत होता, फक्त महाग होता. किंमत वाढली म्हणून करार विफल होत नाही, असे सुप्रीम कोर्टाने सांगितले. स्वतःच्या निवडीने अडचण ओढवून घेणाऱ्यालाही हा बचाव मिळत नाही. आणि भाडेपट्ट्याला तर कलम 56 लागूच होत नाही, हे फाळणीच्या धामधुमीतून आलेल्या एका दाव्यात 1968मध्येच ठरले आहे, कारण पट्टा झाला की जागेतला हक्क भाडेकरूकडे गेलेला असतो. पुढे करायचे वचन म्हणून तो उरलेला नसतो. लॉकडाउनमध्ये दुकानाचे भाडे थकवून या कलमावर भिस्त ठेवणाऱ्या अनेकांना ही बारीक गोष्ट ठाऊक नव्हती.

टाळेबंदी सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच मुंबई हायकोर्टापुढे पोलादाच्या आयातदारांचा अर्ज आला. दक्षिण कोरियाच्या कंपनीने माल जहाजावर चढवून पाठवला होता, पैसे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमधून जायचे होते, आणि आयातदारांना ते थांबवायचे होते. 8 एप्रिल 2020 रोजी कोर्टाने नकार दिला. करारात अशा संकटाचे कलम होते, पण त्याचा फायदा विकणाऱ्यालाच मिळणार होता, आणि विकणाऱ्याने तर आपले काम पुरे केले होते. शिवाय पोलादाची वाहतूक अत्यावश्यक सेवेत मोडत होती आणि टाळेबंदी मर्यादित काळाची होती. आपल्या गिऱ्हाइकांकडून वसुली होत नाही, ही आयातदारांची अडचण खरी असेल, पण कोरियन कंपनीचे पैसे अडवायला ते कारण पुरणारे नव्हते.