परिषद संपल्यावर नेमकं काय विचारायचं?

समजा, बालरोगतज्ज्ञांची राज्यस्तरीय वार्षिक परिषद यंदा नाशिकला झाली. दोन दिवस, ४०० प्रतिनिधी, एकाच वेळी दोन सभागृहांत सत्रं. निघताना प्रत्येकाला अभिप्रायाचा फॉर्म मिळतो आणि त्यात हा प्रश्न हमखास असतो : ‘वक्त्यांची निवड व सत्रांचे नियोजन कसे वाटले? १ ते ५ गुण द्या.’ वक्ते उत्तम होते, पण प्रत्येक सत्र रेंगाळलं, असं ज्याला वाटलं त्याने किती गुण द्यायचे? तो बहुधा ३ लिहितो. वक्ते सुमार, पण वेळ काटेकोर पाळली, असं वाटणाराही ३ लिहितो. दोघांची तक्रार उलट, आकडा मात्र एकच. आयोजन समितीने तो वाचून काय बदलायचं?

फॉर्म उलट्या बाजूने लिहायला घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. पुढच्या वर्षीच्या समितीला कोणते निर्णय घ्यायचे आहेत, ते आधी कागदावर उतरवावेत. समारोप दुसऱ्या दिवशी किती वाजता ठेवायचा? समांतर सत्रं ठेवायची की एकच सभागृह? कार्यशाळेचं वेगळं शुल्क घ्यायचं का? ज्या प्रश्नाच्या उत्तराने यातला एकही निर्णय हलणार नाही, तो प्रश्न काढून टाकावा. किट बॅग आवडली का, हा प्रश्न बॅग बदलायची तयारी असेल तरच विचारावा.

समारोपाचंच घेऊ. ‘समारोपाची वेळ सोयीची होती का?’ असं विचारलं की शिष्टाचार म्हणून बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारावं : ‘दुसऱ्या दिवशी आपण सभागृहातून किती वाजता निघालात? आधी निघाला असाल तर कारण काय?’ लातूरच्या किंवा नंदुरबारच्या डॉक्टरांनी ‘साडेतीन, गाडी गाठायची होती’ असं लिहिलं, तर साडेचारचा समारोप अलीकडे आणायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. मत विचारलं की माणूस सौजन्य दाखवतो. काय केलं ते विचारलं की तपशील देतो. सत्रांबद्दलही तसंच : ‘कोणतं सत्र अर्ध्यात सोडून दुसऱ्या सभागृहात गेलात?’ सगळ्या सत्रांना मिळालेल्या गुणांपेक्षा या एका उत्तरातून अधिक कळतं.

फॉर्मवर नाव नको, पण ‘प्रॅक्टिस किती वर्षं?’ हा एक प्रश्न मात्र हवाच. नवजात शिशूंच्या पुनरुज्जीवनाच्या कार्यशाळेला सरासरी ३.५ गुण मिळाले, तर ती बेताची झाली असं वाटेल. उत्तरं वेगळी करून पाहिली की कदाचित दिसेल, की निम्म्यांनी, म्हणजे नव्या डॉक्टरांनी, ५ दिले आणि वीस वर्षं काम केलेल्यांनी २. कार्यशाळा चांगलीच होती. ती कुणासाठी आहे, हे नोंदणीच्या वेळी सांगितलं गेलं नव्हतं. नुसत्या सरासरीकडे बघून ती रद्द केली, तर नव्यांचं नुकसान होतं.

फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, अशी अट अनेक ठिकाणी असते. क्रेडिट पॉइंटसाठी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे फॉर्म ढिगाने येतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी वरपासून खालपर्यंत ५ च्याच रकान्यात खुणा केलेल्या असतात. हे ओळखायला एक प्रश्न उलट्या दिशेने लिहावा : ‘सत्रं ठरल्या वेळेपेक्षा लांबली.’ या विधानाला ‘पूर्ण सहमत’ आणि ‘वेळ काटेकोर पाळली गेली’ यालाही ‘पूर्ण सहमत’ असेल, तर तो फॉर्म न वाचता भरला आहे. अट काढली की फॉर्म कमी येतात आणि त्यात फार खूश किंवा फार नाराज असलेल्यांचा भरणा असतो, हा धोकाही आहेच. म्हणून प्रमाणपत्र हजेरीवर द्यावं, सत्र संपताच दारापाशी क्यूआर कोडवर दोनच प्रश्न विचारावेत आणि बाकीचा छोटा फॉर्म परिषद संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवावा. फॉर्म कुणी भरला एवढीच वेगळी नोंद ठेवून, नंतरही गप्प राहिलेल्यांपैकी वीस जणांना फोन करावा. त्यांचं म्हणणं फॉर्मशी जुळत नसेल, तर फॉर्मवर फार विसंबू नये.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले : प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल आणि परिणाम. परिषदेच्या दारातला फॉर्म जेमतेम पहिल्या टप्प्यापर्यंत पोचतो. तिसऱ्यासाठी दीड-दोन महिन्यांनी एकच प्रश्न पाठवावा : ‘परिषदेत ऐकलेली कोणती गोष्ट आपण दवाखान्यात करू लागलात? ठरवूनही जमली नसेल, तर कशामुळे?’ ‘उपकरण नाही’ असं उत्तर वारंवार आलं, तर पुढच्या वेळी कमी साधनांत काय करता येईल, यावर सत्र ठेवता येतं. मात्र पुढची परिषद बहुधा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या समितीकडे असते. त्यामुळे ही उत्तरं नाशिकच्या सचिवांच्या फायलीत न राहता नव्या समितीकडे पोचायला हवीत, तीही वक्त्यांना निमंत्रणं जाण्याआधी.