तकाद्याचा मजकूर आणि 'अर्जंट' शब्दाची किंमत

यंत्रमागाच्या धंद्यात माल उधारीवर जातो आणि पैसा तकाद्याने येतो. पूर्वी तकादा पत्राने किंवा दलालामार्फत व्हायचा, हल्ली तो व्हॉट्सअॅपवर होतो. तिथे गेल्यापासून त्याचा आवाज फार चढला आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरे, दोन्ही बाजूंना फुल्या टाकून ठळक केलेले शब्द, तीन-तीन उद्गारचिन्हे, लाल गोळे! नमुन्यासाठी असाच एक मजकूर घेऊ. माल पाठवणारा मालेगावचा यंत्रमागधारक आहे आणि घेणारा मुंबईचा कापड व्यापारी. मूळ मजकूर कॅपिटल अक्षरांत आहे असे समजावे :

*अर्जंट!!! अर्जंट!!!* शेठ *पेमेंट आजच पाहिजे!!* *लास्ट वॉर्निंग.* इमिजिएट करा नाहीतर *पुढचा माल बंद!!!*

लिहिणाऱ्याची निकड अगदी खरी असेल. पण हा मजकूर वाचून मुंबईच्या पेढीवरचा मुनीम काय करील? कोणते बिल, किती रक्कम, ते त्याला कळत नाही. 'आजच' म्हणजे बँकेच्या वेळेत की रात्रीपर्यंत, तेही कळत नाही. मुख्य म्हणजे उद्या दिले तर काय बिघडते, हे कुठेच लिहिलेले नाही. शिवाय असे 'लास्ट वॉर्निंग' महिन्यात तिसऱ्यांदा आले असेल तर तो हसून फोन खिशात ठेवतो.

पूर्वी तार आली की घरातले सगळे उठून उभे राहत. तारेला शब्दागणिक पैसे पडत आणि एक्सप्रेस तारेला दुप्पट, म्हणून पाठवणाऱ्याने खिशात हात घातला आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असे. ती सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. कॅपिटल अक्षरांना एक पैसाही पडत नाही, त्यामुळे ती कोणीही वापरतो आणि लबाड माणूस सर्वांत जास्त वापरतो. 2022 च्या सुमारास 'आज रात्री तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरावर फोन करा' असे खोटे संदेश लोकांना येत होते. महावितरणला ग्राहकांना सावध करावे लागले. घाई, दम आणि तपासता येईल असे काहीच नाही, ही फसव्या संदेशाची खूण आता लोकांना पाठ झाली आहे. आपला तकादा त्याच साच्यात लिहिला तर एतबार कसा बसेल?

तेव्हा निकडीची किंमत दुसऱ्या नाण्यात मोजावी लागते. वाचणाऱ्याला तपासून पाहता येईल असा तपशील द्यावा आणि आपण कशावर राजी आहोत तेही सांगावे. वरच्या नमुन्यात निकडीचे कारण साधे आहे. मालेगावात जुम्म्याला माग बंद असतात आणि त्याआधी कारागिरांच्या हातावर आठवड्याची मजुरी ठेवावी लागते. हे कारण मुंबईच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून ते त्याला पटते. आता हाच मजकूर पुन्हा लिहू :

सलाम शेठ. बिल नं. 214, ता. 3 जून, रु. 1,86,400. तीस दिवसांची मुदत 3 जुलैला संपली.
गुरुवारी 17 तारखेला कारागिरांची मजुरी वाटायची आहे, त्यात 75,000 कमी पडतात. तेवढे *बुधवार 16 जुलै, दुपारी 4 पर्यंत* खात्यावर यावेत. बाकी 1,11,400 ला 25 तारखेपर्यंत हरकत नाही.
पुढची गाठ बांधून तयार आहे. 75,000 आले की त्याच दिवशी ट्रान्सपोर्टला देतो.
बुधवारी जमणार नसेल तर उद्या मंगळवारी सकाळी सांगा, म्हणजे मला दुसरीकडे सोय करता येईल.

हा मजकूर सोमवारी सकाळी जायला हवा. बुधवारी दुपारी तीन वाजता पाठवला तर तो कितीही नीट लिहिलेला असो, घाबरवल्यासारखाच वाटेल.

पहिल्या ओळीत बिल आणि रक्कम मुद्दाम ठेवली आहे. फोनवर संदेश न उघडता सुरुवातीचे चार-सहा शब्दच दिसतात. तिथे 'अर्जंट अर्जंट' दिसण्यापेक्षा आकडा दिसलेला बरा. ठळक अक्षर एकाच जागी उरले आहे, जिथे तारीख आणि वेळ आहे तिथे. आमच्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना जली आणि खफी कलमाचा फरक ठाऊक असेल. कातिब मथळ्यासाठी जाड, म्हणजे जली कलम घेत असे आणि बाकी मजकूर खफीत उतरवत असे. सारे पानच जली कलमाने लिहिले तर मथळा कोणता हे कसे कळायचे?

सर्वांत जास्त वजन मात्र रकमेच्या फोडीला आहे. पूर्ण 1,86,400 'आजच' मागणारा माणूस दबाव टाकतो आहे, असे वाटते. 75,000 मागून बाकीला मोहलत देणाऱ्याला खरोखरच 75,000 ची गरज आहे, हे आपोआप पटते. मुनीमालाही अर्धे काम सोपे होते, कारण लहान रक्कम मालकाला न विचारता सोडता येते.

आता दमाविषयी. 'पुढचा माल बंद' हे वाक्य गैर नाही, पण ते पाळायचे असेल तरच लिहावे. गाठ थांबवतो म्हणून सांगून चार दिवसांनी आपणच ती रवाना केली, तर पुढच्या खेपेला आपल्या शब्दाला काही किंमत उरत नाही. तीच गोष्ट व्याजाची. सन 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात उशिराच्या पेमेंटवर जबर व्याजाची तरतूद आहे. पण आपला माणूस व्याज घेत नाही हे बाजाराला ठाऊक आहे. मग 'व्याज लावीन' असे ठळक अक्षरांत लिहून काय उपयोग!

त्याच कायद्यातली 45 दिवसांची मर्यादा मात्र वेळ पाहून वापरावी. लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे त्याहून जास्त अडवता येत नाहीत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून असे थकवलेले बिल प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत घेणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, हेही त्याला जोडले गेले. वर्ष 31 मार्चला संपते, म्हणून या मुद्द्याची आठवण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावी. तेव्हा पार्टीचा हिशेबनीसच मालकाच्या मागे लागतो. जुलैत हाच मुद्दा पोकळ वाटतो, कारण वर्ष संपायला अजून आठ महिने बाकी असतात. आणि विकणारा निव्वळ व्यापारी असेल, उत्पादक नसेल, तर हा आधार त्याला मिळत नाही. अशाने तो लिहिला तर समोरचा तपासून पाहील आणि बाकीच्या मजकुरावरचाही भरवसा जाईल.

समोरच्याकडे पैसाच नसेल तर कोणत्याही मजमुनाने तो येणार नाही. शेवटची ओळ त्यासाठीच आहे. 'जमणार नसेल तर सांगा' म्हटल्यावर तंगीतला माणूस खरे बोलतो आणि टाळणारा गप्प बसतो, त्यामुळे दोघांतला फरक मंगळवारीच कळतो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही तर दुसरा संदेश टाकू नये, कॅपिटल अक्षरांत तर नाहीच. सरळ फोन लावावा, सौदा दलालामार्फत झाला असेल तर दलालालाही कळवावे, आणि बुधवारी चारपर्यंत रक्कम आली नाही तर गाठ गोदामातच ठेवावी.