वडिलांचे घर कोणते?

गुलमंडी, राजाबाजार, शहागंज या जुन्या शहराच्या भागांत आजही खाली दुकान आणि वर राहते घर अशी वास्तू आढळते. मुले सिडकोत किंवा पुण्यात स्थिरावतात; वडील मात्र वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. अशा घरांतील एक प्रातिनिधिक चित्र असे.

वडिलांचे वय शहात्तर. पत्नीचे निधन होऊन दोन वर्षे झालेली. पहाटे उठून ते पायी राजाबाजारातील जैन मंदिरात जातात, अभिषेक व स्वाध्याय आटोपून नऊला दुकानाची गादी सांभाळतात आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतात. मुलांची काळजीही खोटी नसते. जिना उंच आहे, रात्री छातीत दुखले तर हाक ऐकायला कोणी नाही आणि गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. धाकटा म्हणतो, “बाबा, सिडकोत लिफ्ट आहे, नातवंडे आहेत.” वडील उत्तर देतात, “तिथे मी पाहुणा असेन रे.” सून-मुलगा साडेआठला कामावरून परतणार, मग सायंकाळचे जेवण वेळेत कोण वाढणार, हा त्यांचा प्रश्न किरकोळ नसतो.

वाद येथवर असतो तोपर्यंत तो घरातला असतो. त्याला खरे वळण मिळते ते “घर नावावर करून टाका, पुढे त्रास नको” या वाक्याने. महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीसपत्राने द्यायचे तर मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. त्यामुळे हे काम घाईत उरकले जाते. बक्षीसपत्र नोंदले गेले की मालकी मुलाची होते. वडील कोठे राहणार हा प्रश्न त्यानंतर विनंतीचा उरतो, हक्काचा नव्हे.

2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 येथे उपयोगी पडते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. कळीचा शब्द ‘अट’ हा आहे. डिसेंबर 2022 मध्ये मुलींच्या नावे हक्कसोडपत्र करून देणाऱ्या एका आईचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. सांभाळाची अट घातल्याचे दिसून न आल्याने ते पत्र रद्द होऊ शकले नाही. त्याउलट मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईने सप्टेंबर 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. आयुष्यभर सांभाळ करण्याचे मुलाचे वचनपत्रही तिने पुढे ठेवले. मुलाने ते बनावट असल्याचे म्हटले, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात त्याची सरशीही झाली. परंतु 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला. तोवर पाच वर्षे उलटली होती.

गुलमंडीच्या वडिलांपुढे म्हणून तीन वाटा राहतात. पहिली मृत्युपत्राची: दोन साक्षीदारांसमोर ते करावे, हयातीत मालकी त्यांचीच राहते आणि मन बदलल्यास ते बदलता येते. दुसरी, घर आताच द्यायचे असल्यास बक्षीसपत्रातच हयातभर राहण्याचा व दुकानाचे भाडे घेण्याचा हक्क राखून ठेवावा. असे दान वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केले आहे. तिसरी, सांभाळाची अट त्याच दस्तात स्पष्ट लिहावी: जेवण, औषधोपचार, राहण्याची जागा. तोंडी शब्दावर विसंबू नये.

तरीही बिनसले, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने जाता येते. ते प्रकरण आधी समेटासाठी पाठवू शकते. निर्वाहभत्ता मात्र महिना 10,000 रुपयांपर्यंतच मिळतो. आणि सूर्यास्तापूर्वी ताट वाढावे, असा आदेश कोणतेही न्यायाधिकरण देऊ शकत नाही.

ते घरातच ठरवावे लागते. जुन्या घराला कुलूप लावून, पण ते न विकता, वडिलांनी सिडकोत चार महिने राहून पाहावे. त्या काळात मंदिरात पोहोचवणारी रिक्षा ठरलेली असावी, सायंकाळच्या स्वयंपाकाची व्यवस्था असावी आणि दुकानाची किल्ली त्यांच्याच खिशात असावी. चार महिन्यांनी ते स्वतःहून थांबले, तर घराचा विचार तेव्हा करता येईल. परतले, तर जिन्याला कठडा, खाली झोपण्याची खोली आणि रात्रीच्या सोबतीला माणूस, एवढा खर्च मुलांनी वाटून घ्यावा. दोन्ही परिस्थितींत घराचा दस्त वडिलांच्याच नावावर असेल, तर वडिलांच्या ‘नाही’ला किंमत राहते आणि त्यांचा ‘हो’ही मनापासूनचा असतो.