उलटी अक्षरं, सुलट वाचन

येत्या २२ ऑक्टोबरला इंटरनेटवर ‘कॅप्स लॉक डे’ साजरा होईल आणि सगळं मोठ्या अक्षरांत लिहिण्याची हौस पुन्हा एकदा भागवली जाईल. पण या बटणाची खरी गंमत त्या आरडाओरड्यात नाही. ती आहे नकळत चालू राहिलेल्या कॅप्स लॉकमध्ये. टंकणारा मान खाली घालून, सवयीप्रमाणे पहिल्या अक्षराला शिफ्ट दाबत जातो आणि वर पाहतो तेव्हा पडद्यावर असतं: `mY TRAIN TO pUNE IS LATE.`

हे क्षणभर विचित्र दिसतं. पण कुठे घोटाळा झालाय ते कळलं, की पुढचं वाक्य न अडखळता वाचता येतं. कारण साधं आहे. इंग्रजीत विशेषनामाचं किंवा वाक्याचं पहिलं अक्षर मोठं असतं आणि बाकीची लहान. ती उलटली की एखादंच अक्षर लहान उरतं आणि उरलेला मजकूर सरळ मोठ्या अक्षरांचा होतो. तसे फलक तर आपण रोज वाचतो. याउलट `tRaIn` अशी एकाआड एक लहानमोठी अक्षरं वाचताना डोळा खरोखर अडतो. तरी तोही शब्द शेवटी लागतोच, कारण मेंदू शब्दाच्या बाह्याकारापेक्षा त्यातली अक्षरं ओळखून वाचतो आणि A काय किंवा a काय, ते अक्षर एकच हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

संगणकालाही हा मजकूर सुलटवणं अवघड नाही. अ‍ॅस्की या संकेतप्रणालीत A चा क्रमांक ६५ आणि a चा ९७. प्रत्येक जोडीत हेच ३२ चं अंतर आहे, म्हणजे फक्त एका बिटचा फरक. विंडोजवर कॅप्स लॉक चालू असताना शिफ्ट दाबली तर लहान अक्षर उमटतं. त्यामुळे टंकलेल्यातली कोणतीच माहिती हरवत नाही. सगळं उलटलं, की मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. वर्डमध्ये तर ही चूक ओळखून आपोआप दुरुस्त करण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे.

मग अडतं कुठे? पासवर्डच्या चौकटीत. तिथे अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात, आणि डोळ्याने सहज पकडली असती ती चूक झाकली जाते.

समजा, पासवर्ड आहे `Sinhagad7@pune`. कॅप्स लॉक चालू राहिला तर जाईल `sINHAGAD7@PUNE`. यातले 7 आणि @ बदलले नाहीत, कारण कॅप्स लॉक फक्त अक्षरांवर चालतो. संकेतस्थळ मूळ पासवर्ड साठवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेला ‘हॅश’ साठवतं. एकच अक्षर लहानाचं मोठं झालं तरी हॅश पार वेगळा निघतो. माणूस बरोबर आणि बोटंही बरोबर, तरी दार बंद.

यावरचा उपाय अगदी थोडक्यात होण्यासारखा आहे. आलेला पासवर्ड जुळला नाही, तर त्याची अक्षरं उलटायची आणि पुन्हा हॅश काढून पाहायचा. फेसबुक हे करतं, ही गोष्ट २०११ साली चर्चेत आली तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. सुरक्षितता ढिली झाली, असा आक्षेप होता. संशोधक राहुल चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हा आक्षेप तपासला. त्यांच्या शोधनिबंधाचं शीर्षकच `pASSWORD tYPOS` या शब्दांनी सुरू होतं. ड्रॉपबॉक्सवरच्या लॉगिनची पाहणी केल्यावर त्यांना दिसलं, की एका दिवसात ३ टक्के वापरकर्ते अशा मोजक्या, सहज सुधारता येणाऱ्या चुकांपायी बाहेर राहिले. ही टक्केवारी छोटी वाटते, पण तेवढ्या लोकांना आपल्याच फायलींपर्यंत पोहोचता आलं नव्हतं.

चोराला फायदा किती? त्याच्या प्रत्येक अंदाजामागे आणखी एक अंदाज तपासला जातो, हे खरं. पण `sINHAGAD7@PUNE` असा पासवर्ड मुद्दाम ठेवणारे विरळाच, त्यामुळे तो जादा अंदाज बहुतेक वेळा वाया जातो. नीट निवडलेल्या दुरुस्त्यांनी सुरक्षितता जवळजवळ कमी होत नाही, असाच त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. तीन चुकीच्या प्रयत्नांत खातं गोठवणाऱ्या सेवांनी तरी ही दुरुस्ती करायलाच हवी. नुसत्या कॅप्स लॉकपायी ग्राहकाला दिवसभर ताटकळत ठेवण्याचं काही कारण नाही.

या उपायाची हद्द मॅकवर दिसते. तिथे कॅप्स लॉक चालू असताना शिफ्ट दाबली तरी अक्षर मोठंच राहतं. वरचा पासवर्ड मग `SINHAGAD7@PUNE` असा जातो. मुळात कोणतं अक्षर मोठं होतं याचा मागमूस उरत नाही आणि उलटून मिळतो `sinhagad7@pune`, तोही चुकीचाच. अशा वेळी चौकटीशेजारी कॅप्स लॉक चालू असल्याची खूण दाखवणं एवढंच हातात राहतं.