छापखाना बुडाला, तर नोव्हेंबरचं काय?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तिथल्या एखाद्या छोट्या छापखान्याचा आराखडा करायचा झाला, तर ‘विमा’ या सदराखाली ‘पॉलिसी आहे’ एवढंच लिहून भागत नाही.

समजा, मशीन कर्जावर घेतलंय आणि बँकेने कर्जाच्या बाकीएवढा, म्हणजे १५ लाखांचा विमा उतरवलाय. तसंच मशीन आज नवं घ्यायचं तर ३० लाख लागतात. पुरात ८ लाखांचं नुकसान झालं, तर मालकाला वाटतं, विमा १५ चा आहे, म्हणजे ८ मिळतील. पण नवीन किमतीवर विमा असेल तर कंपनी आजचा भाव बघते. विमा निम्म्या किमतीचा, म्हणून भरपाईही निम्मी, ४ लाख. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते, पण ५० टक्क्यांची कशी होणार? त्यातही पॉलिसीवर बँकेचं नाव असलं, की पैसे आधी तिकडे जातात. म्हणून दरवर्षी नूतनीकरणाआधी डीलरकडून ताजं कोटेशन मागवावं.

हे झालं मशीनचं. बंद काळातलं भाडं, पगार आणि बुडालेला नफा यांसाठी ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ विमा वेगळा घ्यावा लागतो. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मान्य झाला तरच तो लागू होतो. नुसता रस्ता बंद पडून गिऱ्हाईक आलं नाही, तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. खरी गोम मुदतीत आहे. हप्ता कमी बसतो म्हणून लोक तीन महिन्यांची मुदत घेतात. जुलैत पूर आला की ती ऑक्टोबरात संपते, आणि कॅलेंडरं, डायऱ्या, लग्नपत्रिका यांचा हंगाम तेव्हाच तोंडावर येतो. मशीन मिळून बसेपर्यंत चार महिने लागणार असतील आणि गिऱ्हाईक परतायला आणखी थोडे, तर मुदत निदान नऊ महिन्यांची हवी.

दरम्यान काम बाहेरून छापून घेतलं, तर त्याचा जादा खर्चही हा विमा देतो. फक्त त्या खर्चाने वाचलेल्या नफ्याहून तो जास्त नसावा. म्हणजे जॉबवर्क करून देणारा छापखाना आधीच ठरवून ठेवणं विम्याच्या हिशोबातही बसतं. मात्र तो कुठला, हे नकाशा बघून ठरवा. कोल्हापूरचा सोयीचा वाटेल, पण २०२१ च्या त्याच आठवड्यात तिथेही पंचगंगेचं पाणी चढलं होतं. पुण्याचा बरा. त्याच्याशी दर लेखी ठरवावेत, गिऱ्हाइकांच्या डिझाइन फायलींची एक प्रत त्याच्याकडे ठेवावी आणि मे महिन्यात एखादं खरं काम तिथून छापून आणावं. फॉन्ट उघडत नाही किंवा कागदाचा आकार त्यांच्या मशीनला बसत नाही, हे तेव्हाच कळतं.