वाजण्याआधी बोलणारा फोन

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा टेक्निकल फेस्ट. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारा एक विद्यार्थी भाषणाला उभा राहिला. त्याने टेबलावर एक जुना बटणांचा टूजी फोन ठेवला आणि सभागृहाच्या अ‍ॅम्प्लिफायरची उघडी वायर त्याच्याजवळ सरकवली. ‘आता चिपळूणहून माझी आई फोन करणार आहे. फोनकडे पाहू नका, फक्त ऐका,’ असं त्याने सांगितलं. अर्धा मिनिट काहीच झालं नाही. मग स्पीकरमधून ‘टिक्, टिक्‌टिक्, टर्रर्र’ असा खरखरीत आवाज उमटला. फोन मात्र तेव्हा गप्प होता. त्याची रिंग वाजली ती त्यानंतर एक-दोन सेकंदांनी.

रेडिओजवळ किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ मोबाइल ठेवणाऱ्यांनी ही खरखर एकेकाळी रोज ऐकलेली आहे. टूजी फोन सलग प्रक्षेपण करत नाही. एका वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात आणि प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. पाळी आली की फोन क्षणभर जोरात लहरी सोडतो. जवळच्या वायरीत त्या शिरतात आणि स्पीकर टरटरतो. म्हणजे फोन वाजण्याआधीच कुणाशी तरी बोलत होता. कुणाशी, हाच त्या भाषणाचा विषय होता.

चिपळूणच्या आईने हिरवं बटण दाबलं, तिथून सुरुवात करू. तिच्या फोनला टॉवरकडे आधी पाळी मागावी लागते आणि ही मागणी परवानगीशिवायच करावी लागते. तो एक अगदी छोटी हाक मारतो. त्याच क्षणी दुसऱ्या फोननेही हाक मारली, तर दोन्ही एकमेकांत मिसळून वाया जाऊ शकतात. मग प्रत्येक फोन थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही फोन लागत नाही, त्याचं एक कारण हे आहे. दांड्या टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो एवढंच सांगतात, टॉवरकडे मोकळी पाळी आहे की नाही हे सांगत नाहीत.

पाळी मिळाली की नेटवर्क सिमकार्डाची ओळख पटवतं. ते एक मोठी यादृच्छिक संख्या पाठवतं. सिम आपल्या आतल्या गुप्त किल्लीने त्या संख्येवरून उत्तर काढतं आणि फक्त ते उत्तर परत जातं. किल्ली हवेतून कधीच जात नाही. उत्तर जुळलं, की आईने दाबलेला दहा आकडी क्रमांक स्विचिंग सेंटरपर्यंत पोहोचतो.

आता खरा प्रश्न येतो, मुलाचा फोन आहे कुठे? त्या क्रमांकात याचं उत्तर नाही. तो कोणत्या कंपनीचा, हेसुद्धा आकड्यांवरून सांगता येत नाही, कारण २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. या मुलाने ती बदललेलीही आहे. म्हणून आईच्या कंपनीचं यंत्र आधी पोर्ट झालेल्या क्रमांकांची नोंद तपासतं आणि कॉल मुलाच्या आताच्या कंपनीकडे वळवतं. त्या कंपनीकडे ‘होम लोकेशन रजिस्टर’ नावाची मोठी वही असते. तिच्यात प्रत्येक ग्राहकासमोर तो सध्या कोणत्या स्विचिंग सेंटरच्या हद्दीत आहे, एवढंच लिहिलेलं असतं. उत्तर मिळतं, ‘पुण्यातल्या अमुक सेंटरकडे’. ते सेंटर केवळ या कॉलपुरता एक तात्पुरता क्रमांक देतं आणि कॉल त्या क्रमांकावर पुण्याकडे निघतो.

ही नोंद मुलाच्या फोननेच करून ठेवलेली असते. खिशातला फोन टॉवर पाठवत असलेली माहिती अधूनमधून ऐकत असतो. शेजारशेजारच्या अनेक टॉवरचा एक गट असतो आणि प्रत्येक टॉवर आपल्या गटाचा क्रमांक सांगत राहतो. टॉवर बदलला पण गट तोच राहिला, तर फोन गप्प बसतो. गट बदलला, की ‘मी आता इकडे आलो’ असं कळवतो. प्रत्येक टॉवरला कळवायचं ठरलं असतं, तर एसटीतून चिपळूणहून पुण्याला येईपर्यंत फोनने सतत बोलून बॅटरी संपवली असती.

पण या काटकसरीमुळे नेटवर्कला फोन नेमका कोणत्या टॉवरखाली आहे ते ठाऊक नसतं, फक्त गट ठाऊक असतो. मग त्या गटातल्या सगळ्या टॉवरवरून एकदम दवंडी पिटली जाते. तंत्रज्ञ तिला पेजिंग म्हणतात. गट फार मोठा ठेवला, तर प्रत्येक कॉलसाठी शेकडो टॉवरवर दवंडी द्यावी लागेल. म्हणून गटाचा आकार हा नेहमीच तडजोडीचा विषय असतो. मुलाच्या फोनने दवंडीत आपली ओळख ऐकली आणि जवळच्या टॉवरला उत्तर दिलं. सभागृहात टरटरलं ते हेच उत्तर. त्यानंतर ओळख पटली, पाळी ठरली आणि मगच रिंग वाजली. फोरजी-फाइव्हजीमध्ये यंत्रांची नावं बदलली आहेत, पण गट, वही आणि दवंडी ही रीत कायम आहे.

भाषणातला दुसरा प्रयोग याच वहीचा होता. विद्यार्थ्याने फोन बटण दाबून बंद केला आणि मित्राला कॉल करायला सांगितलं. ‘फोन बंद आहे’ ही घोषणा जवळजवळ लगेच आली. मग फोन पुन्हा चालू करून त्याने सरळ बॅटरी उपसली. आता कॉल बराच वेळ रेंगाळला आणि शेवटी ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असं ऐकू आलं. नीट बंद होताना फोन ‘मी जातो’ असा निरोप देतो आणि तशी नोंद होते. बॅटरी काढली, तर निरोप जातच नाही. नेटवर्क फोन तिथेच आहे असं धरून दवंडी पिटतं, उत्तराची वाट पाहतं आणि थकतं. घाटातल्या बोगद्यात शिरलेल्या माणसाच्या फोनचंही असंच होतं. अशा हरवलेल्या नोंदी साफ व्हाव्यात म्हणून जागेवर बसलेल्या फोनलाही ठरावीक काळाने हजेरी द्यावी लागते. टूजीत हा काळ कंपनी सहा-सहा मिनिटांच्या टप्प्यांत ठरवते. हजेरी चुकली, की काही वेळाने वहीत फोन गैरहजर लागतो.

तिसऱ्या कॉलला मुलाने फोन उचलला आणि आईचा आवाज सभागृहात घुमला, ‘अरे, येतंय का ऐकू?’ हे चार शब्द तुकड्यांत आले होते. तिच्या फोनने आवाजाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजली आणि दर २० मिलिसेकंदांचा एक तुकडा केला. अशा तुकड्यातली १६० मापं आवळून २६० बिटांत बसवली, म्हणजे मूळच्या साधारण एक अष्टमांशात. हवेतून तो तुकडा फक्त चिपळूणच्या टॉवरपर्यंत गेला. पुढचा घाटमाथ्यापर्यंतचा आणि पुण्यापर्यंतचा प्रवास फायबर केबल किंवा टॉवर-टॉवरमधल्या मायक्रोवेव्ह दुव्यांवरून झाला आणि शेवटचं अंतर पुन्हा हवेतून. मोबाइल कॉल उपग्रहावरून जातो असं श्रोत्यांतल्या अनेकांना वाटत होतं, पण या कॉलने जमीन सोडली ती दोन्ही टोकांनाच.

‘येतंय गं, ठेवतो,’ म्हणून मुलाने लाल बटण दाबलं. स्पीकरमधली खरखर थांबली. महाविद्यालयाच्या गच्चीवरच्या टॉवरने त्याची पाळी मोकळी करून पुढच्या मागणीसाठी ठेवून दिली.